चार बोटे जागा सोडूनही बाटल्या का फुटल्या : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

आमचा धावणाऱ्यांचा छोटासा गट आहे. रविवारी पहाटे लांब पल्ल्याची धाव असते आणि वाटेत दोन ठिकाणी थंड पाणी ठेवावे लागते. पाणी तीन-चार तास थंड राहावे म्हणून गटाने रात्रीच बाटल्या गोठवायच्या आणि सकाळी शीतपेटीत भरून न्यायच्या, असे ठरवले. बर्फ हळूहळू वितळत जाईल आणि तेच पाणी प्यायला मिळेल, असा विचार होता. प्लास्टिक कमी करायचे म्हणून शक्य तितक्या काचेच्या बाटल्या वापरायच्या, हेही ठरले होते. पाणी भरण्याची जबाबदारी गटातल्या एका तरुण मुलाने घेतली होती. मुलगा कामाला चोख आहे आणि हे आधीच सांगणे मला आवश्यक वाटते, कारण पुढे जे झाले ते हलगर्जीपणामुळे झाले नाही. नियम पाळला होता. नियमच चुकीचा होता.

मी बरीच वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे, त्यामुळे काय बिघडले हे शोधायचे काम माझ्याकडे आले. ओळख पटेल असे तपशील वगळून ते इथे मांडते आहे.

समस्या

पहिल्या रात्री फ्रीझरमध्ये बारा भांडी गेली. काचेच्या एकसारख्या पाच बाटल्या, प्लास्टिकच्या चार, रुंद तोंडाच्या दोन बरण्या आणि दुहेरी भिंतीची स्टीलची एक बाटली. फ्रीझर उणे १८ अंशांवर होता. गोठताना पाणी फुगते, हे सगळ्यांनाच ठाऊक होते. म्हणून प्रत्येक भांड्यात वरून चार बोटे जागा मोकळी सोडली होती आणि झाकणे घट्ट लावली होती.

सकाळी काचेच्या तीन बाटल्या फुटलेल्या होत्या. प्लास्टिकच्या चारही बाटल्या शाबूत होत्या, पण त्यांचे बूड बाहेर आले होते आणि त्या ओट्यावर डुलत होत्या. स्टीलच्या बाटलीचा तळ वाटीसारखा फुगला होता. दोन्ही बरण्यांना मात्र ओरखडाही नव्हता.

काचेची चौथी बाटली वरवर पाहता ठीक होती. उजेडात धरल्यावर तिच्या खांद्याजवळ केसासारखी एक बारीक रेघ दिसली. आम्ही ती तशीच घमेल्यात ठेवली. अर्ध्या तासाने काचेलगतचा बर्फ सुटला आणि बूड ताटलीसारखे अलगद वेगळे झाले. तोवर तिला बर्फानेच धरून ठेवले होते. तशीच पेटीत गेली असती तर वाटेत कुणाच्या तरी हातात सुटली असती. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त धसका याच गोष्टीचा बसला.

पाचवी बाटली वाचली होती. तिला आधी जागा मिळाली नव्हती, म्हणून ती बऱ्याच उशिरा आत गेली होती. सकाळी तिच्या भिंतीलगत बर्फाचा पापुद्रा धरला होता आणि मध्ये अजून पाणी होते. म्हणजे ती मजबूत होती म्हणून टिकली नव्हती, तिची गोठायची पाळीच आली नव्हती.

मुलगा फार वाईट वाटून घेत होता. "काकू, चार बोटं जागा सोडली होती हो, मी स्वतः प्रत्येक बाटलीला बोटं लावून बघितली," तो म्हणाला. हेच वाक्य पुढच्या शोधाची सुरुवात ठरले. सगळ्यांमध्ये जागा सारखी होती, तर बरणी वाचली आणि बाटली फुटली, असे का?

कारणाचा शोध

आधी, पाणी किती फुगते ते पाहू. बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात, पाणी उलटे वागते. पाण्याचे रेणू द्रवरूपात एकमेकांच्या बरेच जवळ, विस्कळीत असतात. बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना ठरावीक दिशांनी धरून राहतो, त्यातून षटकोनी जाळी तयार होते आणि त्या जाळीत मोकळी पोकळी राहते. तेवढेच रेणू आता जास्त जागा घेतात. शून्य अंशाला एक लिटर पाण्याचा साधारण १.०९ लिटर बर्फ होतो. म्हणजे वाढ सुमारे ९ टक्के.

ही वाढ पाण्याच्या मापाने मोजलेली आहे. आपल्याला हवी आहे ती भांड्याच्या मापाने मोजलेली मोकळी जागा, आणि ते आकडे वेगळे येतात. काठोकाठ १०५० मिली मावणाऱ्या बाटलीत बर्फ १०५० मिलीच्या वर जाता कामा नये, म्हणून आत पाणी जास्तीत जास्त १०५० भागिले १.०९, म्हणजे साधारण ९६३ मिली असावे. उरलेली जागा ८७ मिली. एकूण मापाच्या सुमारे बाराव्या हिश्श्याएवढी. हा बारावा हिस्सा लक्षात ठेवायची एक सोपी खूण आहे. पेल्यातल्या पाण्यात बर्फाचा खडा तरंगतो तेव्हा त्याचा जो भाग पाण्याच्या वर दिसतो, तो संपूर्ण खड्याच्या बाराव्या हिश्श्याएवढा असतो. पाण्याखालचा भाग म्हणजे तो खडा वितळल्यावर होणाऱ्या पाण्याची जागा, आणि वर डोकावणारा भाग म्हणजे गोठताना झालेली वाढ. बाटलीत रिकामी सोडायची ती नेमकी तेवढीच जागा.

आता चार बोटांकडे येऊ. चार बोटे म्हणजे साधारण ७ सेंटिमीटर. आम्ही पाचव्या बाटलीचा गळा मोजला. आतला व्यास २.६ सेंटिमीटर निघाला. एवढ्या रुंदीच्या नळीत ७ सेंटिमीटर उंचीची जागा म्हणजे फक्त ३७ मिली. गरज होती ८७ मिलीची. बाटलीत १०१३ मिली पाणी भरलेले होते, त्याचा ११०४ मिली बर्फ होणार होता आणि बाटलीत मावणार होते १०५०. साडेतीन मोठे चमचे भरतील एवढ्या बर्फाला आत जागाच नव्हती.

बरणीचा आतला व्यास ९ सेंटिमीटर होता. तिच्यात तीच चार बोटे ४४५ मिली भरतात. दीड लिटरच्या बरणीत १०५५ मिली पाणी होते. ते गोठल्यावर पातळी जेमतेम दीड सेंटिमीटर चढली आणि वर साडेपाच सेंटिमीटर जागा तशीच पडून राहिली.

मुलाला मी हे कागदावर काढून दाखवले. बाटलीतल्या पाण्याची वाढ ९१ मिली. ती सगळी त्या गळ्यात चढवायची म्हटली तर गळा १७ सेंटिमीटर लांब असायला हवा. तो थोडा वेळ आकड्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे बोटं उंची मोजतात, आणि लागते ती जागा." अगदी बरोबर. उंची आणि जागा हे एकच माप असते ते फक्त सरळ भिंतींच्या भांड्यात.

"पण काच एवढी जाड आहे, ती पाण्याला दाबून का धरत नाही?" असे गटातल्या एका ताईंनी विचारले. प्रश्न योग्य आहे. पाण्यावर दाब वाढवला की त्याचा गोठणबिंदू थोडा खाली जातो, हे खरे. पण तो अगदी हळू खाली जातो. उणे २२ अंशांपर्यंत पाणी द्रव ठेवायचे तर वातावरणाच्या सुमारे दोन हजार पट दाब लागतो. आपला फ्रीझर त्याच्या जवळपासच असतो. इतका दाब सोसणारी घरगुती बाटली नसते. कुणीतरी हार मानायचीच असेल तर ती भिंत मानते. काच ताणली जात नाही म्हणून तडकते, प्लास्टिक ताणले जाते म्हणून बूड बाहेर काढते. जाड काचेने फार तर थोडा उशीर होईल.

काच दुसऱ्याही कारणाने फुटू शकते, म्हणून तीही शक्यता तपासली. गरम काच एकदम गार झाली किंवा उलट, तर एक भाग आधी आकसतो आणि तडा जातो. तसा तडा भांडे आत ठेवल्यावर काही क्षणांत किंवा मिनिटांत जातो, तेव्हा पाणी अजून द्रव असते आणि ते फटीतून बाहेर वाहून तळाशी थारोळे गोठते. आमच्या बाटल्यांत तसे काही नव्हते. बर्फ बाटलीच्याच आकाराचा होता, काचेचे तुकडे त्याला चिकटून होते आणि तुकड्यांमधल्या फटी रुंदावलेल्या होत्या. आतून ढकलल्याची ही खूण आहे. हा फरक ओळखता येणे महत्त्वाचे, कारण तापमानाचा धक्का सोसणारी खास काच आणून पहिला प्रकार टळतो, दुसरा अजिबात टळत नाही.

स्टीलच्या बाटलीचे प्रकरण वेगळे. तिच्या दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असते, त्यामुळे बाजूंनी थंडी जवळजवळ शिरतच नाही. ती शिरते तोंडाकडून. म्हणून पाणी वरून गोठायला लागते, वरती बर्फाचे बूच बसते आणि खालच्या पाण्याला फुगायला फक्त खालची दिशा उरते. आतली भिंत खाली ढकलली गेली आणि तिने बाहेरचा तळ फुगवला. नंतर त्या बाटलीत गरम पाणी भरले तर बाहेरूनही ती गरम लागली. पोकळीतला निर्वात गेला होता, म्हणजे बाटली थंड-गरम ठेवण्याच्या कामातून गेली.

कोणते पर्याय विचारात घेतले

काच सोडून सगळे प्लास्टिकमध्ये भरायचे, हा पहिला आणि सोपा पर्याय. पण प्लास्टिकच्या बाटल्याही धडधाकट राहिल्या नव्हत्या. बूड एकदा ताणले गेले की त्या नीट उभ्या राहत नाहीत आणि पुन्हापुन्हा ताण बसला तर त्याच जागी चीर पडते. जागा सोडणे त्यांनाही चुकत नव्हते. शिवाय काच वापरायची ही गटाची इच्छा होती, आणि ती मला पटणारी होती.

झाकणे उघडी ठेवून गोठवणे, हा दुसरा. बऱ्याच जणांचा विश्वास असतो की झाकण सैल असले म्हणजे बर्फ वरून निघून जाईल. पाण्यापुरते हे खरे आहे. पण गळ्यात बर्फ एकदा धरला की झाकण सैल असो वा घट्ट, खालच्या पाण्याला वाट बंदच होते. सैल झाकणाचा खरा उपयोग निराळा आहे. बर्फ चढतो तेव्हा वरची हवा दाबली जाते, आणि सैल झाकणातून ती निघून जाते. म्हणून झाकण सैल ठेवायचे आम्ही ठरवले, पण मोकळ्या जागेऐवजी नव्हे, मोकळ्या जागेच्या जोडीला.

तिसरा पर्याय हिशोबाने जागा सोडण्याचा. माझे मत याच बाजूने होते आणि आम्ही तोच निवडला. चौथा पर्याय एका काकांनी सुचवला होता. बाटली पूर्ण गोठवायचीच कशाला, थोडी गोठवा आणि सकाळी वरून गार पाणी भरा, असे ते म्हणाले होते. तेव्हा आम्ही तो बाजूला ठेवला. पूर्ण गोठलेली बाटली जास्त वेळ थंड राहील, हे आम्ही गृहीत धरले होते आणि तपासले मात्र नव्हते. हा निर्णय मला आजही खटकतो, त्याबद्दल पुढे.

केलेली कृती

आधी सफाई. फ्रीझरमधले सगळे बाहेर काढून काचेचे कण ओल्या जाड कागदाने टिपले. फुटलेल्या बाटल्यांचे पाणी, बर्फ, सगळे टाकून दिले. बर्फात काचेचा बारीक कण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून "वरचा भाग वापरू" असा मोह टाळायचा. बर्फ सोडवण्यासाठी गरम पाणी ओतायचे नाही, कारण अर्धवट तडकलेली बाटली तेवढ्यानेच हातात फुटते. घमेल्यात ठेवून आपोआप वितळू द्यायचे आणि जाड हातमोजे घालूनच तुकडे उचलायचे.

मग प्रत्येक बाटलीचे खरे माप काढले. बाटलीवर लिहिलेले माप इथे उपयोगाचे नाही. एक लिटरच्या बाटलीत काठोकाठ भरले तर बहुधा एक लिटरपेक्षा जास्त पाणी मावते, आणि किती जास्त हे बाटलीगणिक बदलते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रिकामी बाटली ठेवून आकडा शून्य केला, काठोकाठ पाणी भरले आणि वजन पाहिले. पाण्याचे जितके ग्रॅम, तितके मिली. आमच्या बाटलीचे माप असेच १०५० निघाले.

कमीत कमी बारावा हिस्सा लागतो, म्हणजे ८ टक्क्यांहून थोडी जास्त जागा. त्यावर थोडी सवलत धरून आम्ही १३ टक्के जागा सोडायची ठरवले. म्हणजे पाणी ९१३ ग्रॅम. त्याचा बर्फ ९९५ मिली, वर ५५ मिली शिल्लक. त्याच बनावटीच्या दोन बाटल्या आणखी आणल्या आणि तिन्ही अशाच भरल्या. दोन घट्ट बंद केल्या, एकीचे झाकण सैल ठेवले.

रविवारी सकाळी तीनपैकी एकीला तडा गेलेला होता.

हिशोब बरोबर होता. मी तो दोनदा तपासला. बाटली घट्ट झाकणाची होती, म्हणून आधी हवेवर संशय गेला. १३७ मिली हवा ५५ मिलीत कोंबली गेली, थंडीने तिचा दाब थोडा उतरला, तरी तो बाहेरच्या वातावरणाच्या साधारण दुप्पट झाला असणार. एवढ्याने चांगली काच फुटू नये. दुसरी घट्ट बाटली तर तेवढाच दाब सोसून उभी होती. मग तड्याची जागा नीट पाहिली. तडा खांद्यावर होता, आडवा, जिथे बाटलीचे अंग संपून गळ्याकडे वळते तिथे. आणि ही बाटली फ्रीझरच्या थंड हवेच्या झरोक्याला अगदी टेकून उभी होती, वरचा भाग हवेच्या झोतात.

इथे पाण्याची आणखी एक खोड समजून घ्यावी लागते. पाणी सर्वांत जड असते ते ४ अंशांना. त्याखाली ते पुन्हा हलके होऊ लागते, म्हणून शून्याजवळचे सर्वांत गार पाणी वर येऊन थांबते. त्यामुळे बर्फ पृष्ठभागावर आणि भिंतींना आधी धरतो आणि मधले पाणी सर्वांत शेवटी गोठते. ९१३ ग्रॅम पाण्याची पातळी आमच्या बाटलीत बरोबर खांद्याच्या उतारावर येत होती. त्या उतारावर आधी एक बर्फाचे झाकण बसले, झोतामुळे ते लवकर जाड झाले, आणि खालचे पाणी फुगू लागल्यावर त्याने हे झाकण वर ढकलले. सरळ भिंतीच्या भांड्यात असे झाकण वर सरकते किंवा मधोमध उंचवटा येतो. इथे वर जाताना वाट अरुंद होत होती. बर्फ पाचरीसारखा खांद्यात रुतला आणि त्याने काच बाहेर लोटली. वर ५५ मिली जागा रिकामी होतीच, पण तिथवर पोहोचायची वाट नव्हती.

म्हणजे नियम दोन भागांचा झाला. जागा पुरेशी हवी आणि तिच्यापर्यंत बर्फ सरळ चढू शकला पाहिजे.

म्हणून तिसऱ्या खेपेला बाटलीचे काठोकाठ माप सोडून दिले आणि फक्त सरळ अंगाचे माप घेतले. खांदा वळायला लागतो तिथवर पाणी भरून वजन केले, ८४० ग्रॅम. गोठल्यावरचा बर्फ याच्या आत राहायला हवा. ८४० भागिले १.०९ म्हणजे ७७०. थोडी सवलत ठेवून आम्ही ७५० ग्रॅम धरले आणि त्या पातळीवर बाहेरून चिकटपट्टी लावली, म्हणजे दर आठवड्याला वजन करायला नको. बाटल्या झरोक्यापासून दूर, एकमेकींना न टेकवता ठेवल्या. झाकणे सैल ठेवली आणि सकाळी बर्फ घट्ट झाल्यावर आवळली.

निष्पत्ती

पुढचे चार आठवडे एकही बाटली फुटली नाही. बर्फाच्या माथ्यावर दर वेळी मधोमध छोटा उंचवटा दिसायचा. सर्वांत शेवटी गोठलेले पाणी वर येऊन तिथे थांबलेले असते. तो उंचवटा दिसला की बर्फाला वर वाट मिळाली, असे समजायचे. माथा सपाट आणि काचेत गच्च बसलेला दिसला तर पुढच्या वेळी पाणी कमी करायचे. ही खूण मुलाने स्वतः शोधली आणि ती मला फार आवडली.

बरण्यांसाठी वेगळा नियम राहिला. सरळ भिंत असल्याने त्यांना काठोकाठ मापाचा आठवा हिस्सा मोकळा पुरतो. दीड लिटरच्या बरणीत म्हणजे सुमारे १९० मिली, उंचीत तीन सेंटिमीटर, दोन बोटांहून थोडी कमी. पहिल्या रात्री आम्ही त्यांच्यात गरजेच्या दुप्पट जागा वाया घालवली होती आणि बाटल्यांत गरजेच्या निम्मीही दिली नव्हती. प्लास्टिकच्या बाटल्या खांद्याच्या खाली भरल्यावर त्यांची बुडे फुगायची थांबली. दुहेरी भिंतीची बाटली फ्रीझरमध्ये पुन्हा गेली नाही. तिच्यात तयार बर्फाचे खडे टाकून वरून पाणी भरायचे, हेच तिचे काम.

पण एक लिटरच्या बाटलीत ७५० ग्रॅमच पाणी जाते, ही कुरबुर सुरू झाली आणि ती रास्त होती. पेटीत जेवढ्या बाटल्या मावतात तेवढ्याच मावतात. त्या निमित्ताने काकांचा बाजूला ठेवलेला पर्याय पुन्हा वर आला.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी विचारायचा प्रश्न आम्ही शेवटी विचारला. आपल्याला बर्फ हवा आहे की थंड पाणी? धावणाऱ्याला बर्फ चोखायचा नसतो. उलट, पूर्ण गोठलेली बाटली पहिल्या थांब्यावर अर्धीसुद्धा वितळलेली नसायची आणि तहानलेला माणूस ती हलवत उभा राहायचा. ही तक्रार आमच्याकडे पहिल्याच महिन्यात आली होती, पण बाटल्या फुटण्याच्या काळजीत तिच्याकडे लक्ष गेले नाही.

हिशोब करून पाहिला तर काकांचे बरोबर निघाले. एक ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ जूल उष्णता शोषतो. ३०० ग्रॅम बर्फ सुमारे १०० किलोजूल शोषेल. ७०० ग्रॅम पाणी एक अंशाने गार करायला साधारण २.९ किलोजूल पुरतात. म्हणजे तेवढ्या बर्फात ७०० ग्रॅम पाणी ३४ अंशांनी गार करण्याची ताकद असते. पाणी आधीच थंड कप्प्यातून काढलेले असेल तर ही ताकद बहुतेक सगळी शिल्लक राहते आणि वाटेतली उष्णता झेलायला कामी येते.

आता बाटलीत ३०० ग्रॅम पाणी भरून ती फ्रीझरमध्ये तिरकी, जवळजवळ आडवी टेकवून ठेवतात. पाण्याचा पृष्ठभाग लांबरुंद पसरतो, त्यामुळे बर्फाला वर यायला भरपूर मोकळीक मिळते आणि खांद्याचा प्रश्नच येत नाही, फक्त पाणी गळ्यापर्यंत जाणार नाही एवढा तिरपेपणा राखायचा. सकाळी वरून थंड कप्प्यातले पाणी भरायचे. नळाचे किंवा कोमट पाणी नको, उणे १८ अंशांच्या काचेवर ते ओतले तर तापमानाच्या धक्क्याचा तडा जाऊ शकतो, जो पहिल्या वेळी गेला नव्हता. ओतण्याआधी बाटली दहा मिनिटे बाहेर ठेवणे त्याहून बरे. बर्फ वितळताना जागा घेण्याऐवजी सोडतो, म्हणून भरलेल्या बाटलीला वाटेत काही धोका नाही.

दुसऱ्या खेपेला मी स्वतः एक चूक केली. झाकण सैल-घट्ट करणे आणि बाटलीची जागा बदलणे, दोन्ही गोष्टी एकाच रात्री केल्या. मग तडा गेला तेव्हा हवा, झोत आणि खांदा यांतले नेमके कोण दोषी, हे तड्याच्या जागेवरून अंदाजाने ठरवावे लागले. खांद्याबद्दल मला खात्री आहे, झोताने किती हातभार लावला हे मी सांगू शकत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी वर्गात इतकी वर्षे सांगत आले आणि घरातल्या फ्रीझरसमोर विसरले. शिवाय पहिली चाचणी काचेवर करायचीही गरज नव्हती. एक प्लास्टिकची बाटली तशीच भरून रात्रभर ठेवली असती तर फुगलेल्या बुडानेच हिशोब सांगितला असता, आणि चार बाटल्या वाचल्या असत्या.

एक धोका नव्या पद्धतीतही आहे आणि तो एकदा घडता घडता राहिला. धाव लवकर संपली, वरून पाणी भरलेल्या दोन बाटल्या न उघडता परत आल्या, आणि कुणीतरी सवयीने त्या पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवायला घेतल्या. काठाशी आलेले पाणी, घट्ट झाकण आणि काच. मुलाने वेळीच पाहिले. आता त्या बाटल्यांच्या अंगावर चिकटपट्टीच्या दोन खुणा आहेत. खालची ३०० ग्रॅमची, वरची ७५० ची. पाणी वरच्या खुणेच्या वर असेल तर बाटली थंड कप्प्यात जाते, फ्रीझरमध्ये नाही.